सेंटरिंग बाराव्या दिवशी निघालं, आता सही करू का?

"सर, मी जळगावचा. सिव्हिल डिप्लोमा झाल्यापासून सोळा वर्षं साइटवर आहे. खाली पार्किंग आणि वर सात मजले, 42 फ्लॅट अशी आमची इमारत चालू आहे. सहा महिन्यांपूर्वी शेठनी मला प्रोजेक्ट मॅनेजर केलं. तेव्हापासून सगळा दिवस फोनवर जातो. मजुरांची खर्ची, बँकेचे लोक, फ्लॅट घेणारे, वाळूची गाडी. सळई बघायला जातो ते उजेड गेल्यावर. होळीच्या आधी चौथ्या स्लॅबचं सेंटरिंग नवव्या दिवशी काढून वर चढवा म्हणून शेठ अडून बसले. हप्ता अडकलाय, मजूर सणाला निघतील, म्हणाले. मी चौदा दिवस म्हटलं. भांडण झालं आणि शेवटी बाराव्या दिवशी काढलं. आता वर्षाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रावर माझी सही हवी आहे. मला वाटतं मी इंजिनिअर होतो तेच बरं होतं. पुण्याला जाऊन पुन्हा साइट इंजिनिअर व्हावं का?"
— एक वाचक, जळगाव

भाऊ, पुण्याचं नंतर बघू. आधी चौथ्या स्लॅबखाली जाऊन या, कारण पाचवा स्लॅब त्याच्याच जिवावर भरला जाणार आहे.

तुमच्या तुळया किती लांबीच्या आहेत ते पत्रात नाही, आणि सगळा प्रश्न तिथे आहे. काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड आयएस 456, त्यात टेकू काढायचे दिवस सरसकट दिलेले नाहीत, ते गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर ठरतात. स्लॅबचा गाळा 4.5 मीटरपर्यंत असेल तर टेकू 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14 दिवस. तुळई 6 मीटरपर्यंत असेल तर 14 दिवस, त्यापुढे 21 दिवस. शिवाय हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत. आपल्याकडे बहुतेक साइटवर राखेचं पीपीसी असतं. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून दिवस किती वाढवायचे ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारावं लागतं. म्हणजे तुमच्या इमारतीत एखाद्या खोलीच्या स्लॅबपुरते शेठचे नऊ दिवस चालले असते, आणि पार्किंगच्या सोयीसाठी लांब ठेवलेली तुळई असेल तर तिच्यासाठी तुमचे चौदा दिवसही अपुरे होते.

आणि बारा दिवस? तो आकडा बाजारात भाव तुटतो तसा तुटलेला आहे. कन्सल्टंटला कुणी विचारलं नाही, ताकद तपासायला काँक्रीटचा ठोकळा कुणी फोडला नाही. दोन माणसांनी आपापला हट्ट थोडा थोडा सोडला एवढंच त्याच्यामागे आहे. टेकू काढायची खरी अट दिवसांची नसून ताकदीची आहे. टेकू निघाल्यावर काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद त्या वेळी त्यात असली पाहिजे. ताकद मोजता येते. स्लॅब भरताना नेहमीच्या ठोकळ्यांबरोबर तीन ठोकळे जास्तीचे भरायचे, ते हौदात न ठेवता त्याच स्लॅबवर, त्याच उन्हात, तेवढ्याच पाण्यावर ठेवायचे आणि सातव्या-आठव्या दिवशी फोडून आकडा कन्सल्टंटला पाठवायचा. त्याने लेखी 'काढा' म्हटलं तर नवव्या दिवशीही बिनधास्त काढा. 'थांबा' म्हटलं तर शेठचा वाद तुमच्याशी उरत नाही.

आता झालेल्या स्लॅबचं काय करायचं ते सांगतो. प्रत्येक मोठ्या तुळईच्या तळाला दोन टोकांत दोरी ताणा, किंवा लेव्हल लावा, आणि मध्यावर किती झोक आहे ते मिलिमीटरमध्ये लिहा. 5.5 मीटरच्या तुळईला गाळ्याच्या अडीचशेव्या भागाने 22 मिलिमीटर झोक चालतो, पण ती वर्षानुवर्षांनंतरची, सगळा भार येऊन गेल्यानंतरची मर्यादा आहे. आत्ताच दहाच्या आसपास आकडा येत असेल तर कन्सल्टंटला साइटवर बोलवा. मात्र एका मोजणीवर घाबरू नका, कारण कधी कधी सेंटरिंगच मुळात खाली बसलेलं असतं आणि तुळई तशीच ओतली जाते. म्हणून दोन आठवड्यांनी त्याच खुणांवर पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर दोष सेंटरिंगचा. वाढला तर तुळई अजून वाकते आहे. याच फेरीत तुळईच्या तळाला मध्यावर आणि वरच्या अंगाला खांबाजवळ केसासारख्या भेगा आहेत का ते बॅटरीच्या उजेडात बघा. बाल्कनी असेल तर भेग वरून, भिंतीच्या रेषेत दिसते. आणि निकाल काहीही येवो, पाचवा स्लॅब भरायच्या आधी चौथ्याच्या तुळयांखाली पुन्हा टेकू लावा. ओल्या स्लॅबचा सगळा भार टेकूंमधून सरळ खालच्या स्लॅबवर उतरतो.

हे काम करायला तुमच्याएवढा योग्य माणूस त्या साइटवर दुसरा नाही. म्हणून इंजिनिअरिंग हातातून सुटलं हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. नवव्या दिवशी जे भांडण झालं त्याचं मूळ साधारण दोन महिने आधी आहे, आणि तेही इंजिनिअरिंगच आहे, फक्त तुम्ही त्याला अजून तसं समजत नाही.

तुमच्याकडे सेंटरिंगचा एकच संच असावा असं मी धरतो, कारण दोन असते तर ही घाई झाली नसती. एका संचावर स्लॅबचं चक्र मांडून बघा. टेकू 14 दिवस अडकले. ते निघाल्यावर वर चढवायला, तुळईचे तळ आणि प्लेटा ठोकायला सात दिवस. सळई, विजेच्या नळ्या, तपासणी यांना पाच. एखादा दिवस इकडेतिकडे आणि एक दिवस भरायला. म्हणजे जवळजवळ 28 दिवस. शेठनी ग्राहकांना आणि स्वतःला तीन आठवड्यांना एक स्लॅब असा शब्द दिला असेल, तर ते गणित पहिल्याच स्लॅबला फसलेलं होतं. मधले सात दिवस कुठून तरी चोरावे लागणारच, आणि ते नेहमी टेकूंच्या दिवसांतून चोरले जातात. सळई कमी झाली तर लगेच दिसते. दिवस कमी झाले ते दिसत नाहीत.

आता दुसऱ्या पद्धतीने मांडा. पूर्ण दुसरा संच घ्यायची गरज नाही. फक्त तुळयांचे तळ आणि टेकू यांचा दुसरा संच भाड्याने आणा. खोल्यांचे स्लॅब 4.5 मीटरच्या आत असतील तर त्यांच्या प्लेटा सातव्या दिवशी मोकळ्या होतात (पीपीसी असेल तर इथेही कन्सल्टंटचा होकार घ्या). त्या आठवड्यात वरचे खांब भरून होतात. आठव्या दिवसापासून वर ठोकायला सुरुवात. सात दिवस ठोकणं, पाच दिवस सळई, एक दिवस भरणं, म्हणजे चक्र 20 दिवसांवर आलं आणि खालच्या तुळयांचे टेकू जागचे हललेसुद्धा नाहीत. उलट वरचा स्लॅब भरला जातो तेव्हा खालचा टेकूंवर उभाच असतो, तो वेगळा फायदा. तुमचे आठपैकी चार स्लॅब बाकी आहेत. प्रत्येकी आठ दिवस धरले तर एक महिना वाचतो.

हे शेठना आयएस कोड दाखवून पटणार नाही. रुपयांत दाखवा. मी अंदाजाचे आकडे घेतो, तुम्ही खरे घाला. समजा 30 फ्लॅट विकले गेले आहेत, सरासरी 35 लाखांना. महाराष्ट्रातल्या रेराच्या नमुना करारात जोत्यापर्यंत 45 टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्के रक्कम घेता येते. मधले 25 टक्के आठ स्लॅबवर वाटले तर एका स्लॅबला साधारण 3 टक्के, म्हणजे सगळे मिळून साडेएकतीस लाख. ही रक्कम पाच दिवस उशिरा आली आणि व्याज 12 टक्के धरलं, तर नुकसान पाच हजारांच्या आसपास. साइटचा रोजचा बांधलेला खर्च 15 हजार धरला तर पाच दिवसांचे 75 हजार. म्हणजे ज्या घाईसाठी तुमचं भांडण झालं तिची किंमत 80 हजार. आणि दुसऱ्या संचाने चार स्लॅबमध्ये वाचणाऱ्या महिन्याची किंमत, रोजच्या त्याच खर्चाने, पावणेपाच लाखांच्या आसपास. तळांचं आणि टेकूंचं तीन-चार महिन्यांचं भाडं तुमच्या दुकानदाराकडून आणून या आकड्यासमोर ठेवा. शेठ व्यापारी माणूस आहेत, हा कागद ते शेवटपर्यंत वाचतील.

अडकलेल्या हप्त्याबद्दल आणखी एक गोष्ट तपासा. करारात हप्ता स्लॅब भरल्यावर देय होतो. सेंटरिंग निघण्याशी त्याचा संबंध नाही. चौथ्या स्लॅबची मागणीपत्रं कोणत्या तारखेला गेली? माझा अंदाज आहे की स्लॅब भरून आठवडा झाल्यावर कुणाला तरी आठवलं, मग आर्किटेक्टचा दाखला मागवला, मग बँकेचा माणूस फोटो काढायला आला. हे सगळं स्लॅब भरायच्या आदल्या आठवड्यात तयार ठेवता येतं. मागणीपत्रांचा मसुदा, आर्किटेक्टची वेळ आणि कोणत्या ग्राहकाचं कर्ज कोणत्या बँकेत आहे याची एक यादी. स्लॅब भरला त्याच संध्याकाळी तारखेचे फोटो आणि दाखला लावून पत्रं गेली, तर जो वेळ शेठ टेकूंमधून काढू बघत होते तो इथे आपोआप निघतो. बँकेच्या लोकांचे फोन तुम्हाला कटकट वाटतात. खरं तर तो तुमच्या तुळयांच्या सुरक्षेचाच भाग आहे. पैसा वेळेवर आला की टेकूंना कुणी हात लावत नाही.

होळीचंही तसंच. सातपुड्यातून येणारा मजूर भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला घरी जाणार, हे दरवर्षी ठरलेलं आहे. ते कॅलेंडरवर आधीच लिहा आणि त्या आठवड्यात टेकूंचे दिवस पडतील असा स्लॅब आखा. माणसं गावी, काँक्रीट आपलं पिकत राहतं, फक्त पाणी मारायला दोन भरवशाची माणसं थांबवायची आणि त्यांना जास्तीचे पैसे द्यायचे. खर्चीबद्दल एकच सांगतो. ती आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात पडली पाहिजे, आणि ती द्यायचा अधिकार तुमच्याकडे हवा. ज्या साइटवर खर्ची शेठच्या सवडीने मिळते तिथली टोळी केव्हा उठून दुसरीकडे जाईल सांगता येत नाही. मग नवी टोळी येते आणि पहिले काही दिवस सळईची निम्मी बांधणी सोडून परत करावी लागते.

आता उजेड गेल्यावर सळई बघण्याचा प्रश्न. ते बंद करा. बॅटरीत सळई मोजता येते, कव्हर दिसत नाही. सोळा वर्षं तुम्ही सगळं स्वतः बघत आलात, म्हणून न बघणं तुम्हाला पाप वाटतं, ते मी समजू शकतो. पण 42 फ्लॅटच्या कामावर तुमच्या हाताखाली निदान एक चांगला ज्युनिअर हवा, आणि त्याला तुमच्या डोळ्यांनी बघायला शिकवणं हे आता तुमचं काम आहे. रिंगांचं अंतर, कव्हर ब्लॉक, विजेच्या नळ्या हे त्याने कागदावर खूण करत तपासावं आणि सही करावी. तुम्ही तीन जागा स्वतःकडे ठेवा, त्याही दिवसाढवळ्या. खांब आणि तुळई जिथे मिळतात तो सांधा, कारण तिथे सळईची गर्दी होते आणि फिटर रिंगा गाळतो. बाल्कनीची वरची सळई, कारण भरताना मजूर तिच्यावर पाय देतात, ती खाली बसते, आणि बाल्कनीत खाली बसलेली सळई असून नसल्यासारखी. तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या खाली पुरेशा आहेत का ते बघा आणि भरताना चालायला फळ्या टाकायला लावा. तिसरी जागा म्हणजे टेकू कशावर उभे आहेत ते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पार्किंगच्या स्लॅबला हा दोष मी बघितला आहे. भराव नीट दाबलेला नव्हता, सांडलेलं पाणी टेकूंच्या पायाशी मुरलं, माती मऊ झाली आणि टेकू रात्रीतून खाली गेले. सकाळी तुळईला पोट आलेलं. खाली मुरूम दाबून वर जाड फळ्या टाकल्या असत्या तर काही झालं नसतं. तुमचा तो स्लॅब होऊन गेला आहे, पण हे वाचणाऱ्या कुणाचा अजून व्हायचा असेल.

पुढचे स्लॅब एप्रिल-मेमध्ये येतील, तेव्हा कुणीतरी म्हणेल, उन्हात स्लॅब लवकर पिकतो. अर्धं खरं आहे. उष्णतेने सुरुवातीची ताकद लवकर येते, पण जळगावच्या 44-45 अंशांत पाणी उडून जातं आणि पाणी संपलं की पुढची ताकद वाढणं थांबतं. ओतताना काँक्रीट 40 अंशांच्या आत हवं, म्हणून संध्याकाळी भरायला घ्या, खडी सावलीत ठेवून तिच्यावर पाणी मारा, आणि दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरा. पीपीसीला निदान 10 दिवस पाणी लागतं, मी 14 दिवस देतो.

आता सहीकडे येतो. महारेराचा फॉर्म 2ए म्हणजे वापरलेलं साहित्य आणि कारागिरी याबद्दल प्रकल्पावरच्या इंजिनिअरने दिलेलं प्रमाणपत्र. तो नेहमीचा हजेरीचा कागद नाही. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष ग्राहकाने दाखवला तर तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करण्याची जबाबदारी कायद्याने प्रवर्तकावर आहे. त्या वेळी फाइल उघडली जाते आणि तुमची सही वर येते. लवकर टेकू काढल्याचा दोष तेव्हाच दिसायला लागतो. आतल्या भिंतीला तिरपी भेग, फरशीचा सांधा उघडणं, बाथरूमचं पाणी उलट्या दिशेने जाणं.

म्हणून सही करण्याआधी वर्षभरात भरलेल्या प्रत्येक स्लॅबचा एक लिफाफा करा. भरण्याआधीच्या तपासणीचा कागद, सिमेंटची बॅच, सळईचा दाखला, ठोकळ्यांचा 28 दिवसांचा निकाल, पाणी मारल्याची नोंद आणि टेकू काढल्याची तारीख. चौथ्याच्या लिफाफ्यात 'बारावा दिवस' तसाच लिहा. खाडाखोड करून चौदा करू नका. ठोकळे पास झाले म्हणजे टेकू योग्य वेळी निघाले असं होत नाही, कारण ठोकळे हौदात 28 दिवस आरामात पडलेले असतात. त्या लिफाफ्यात झोकाच्या दोन्ही मोजण्या आणि कन्सल्टंटचं पत्र घाला. शंका उरली तर रिबाउंड हॅमर मारून घ्या. तो फक्त पृष्ठभाग सांगतो, तेव्हा आकडे विचित्र आले तर कोअर काढावा लागेल. कन्सल्टंटने 'ठीक आहे' असं लिहून दिलं तर सही करा. नाही दिलं, किंवा शेठनी त्याला विचारूच दिलं नाही, तर करू नका.

राहिलं पुणे. तिथल्या मोठ्या साइटवर इंजिनिअर दिवसभर सळईपाशी असतो असं समजू नका. तिथे चेकलिस्ट, मेल, बिलाची मोजमापं हेच असतं, आणि चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला ते पुन्हा मॅनेजरच करतील, फक्त ओळख नसलेल्या गावात. तुम्हाला खरंच तपासणीच हवी असेल तर गुणवत्ता विभाग, किंवा जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं काम करणाऱ्या कन्सल्टंटकडे जाणं जास्त खरं ठरेल. तो रस्ता मला वाईट वाटत नाही. पण आज माझं मत थांबण्याकडे आहे, अटींवर.

अटी एका पानात लिहा आणि शेठसमोर बसून वाचा. टेकू काढण्याचा निर्णय फक्त कन्सल्टंटच्या लेखी होकाराने. काम थांबवायचा अधिकार तुमचा, त्याच दिवशी शेठना कळवून. आठवड्याच्या खर्चीची रक्कम तुमच्या हातात. एक ज्युनिअर. तळ आणि टेकूंचा दुसरा संच, सोबत वरचा हिशेब. फ्लॅट घेणाऱ्यांना साइटवर भेटायला आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. भिंत सरकवा, दरवाजा फिरवा अशा मागण्या तेव्हाही तोंडी ऐकायच्या नाहीत, अर्ज घ्यायचा आणि आर्किटेक्टकडे पाठवायचा.

शेठ दुसऱ्या संचावर घासाघीस करतील, करू द्या. ज्युनिअर दोन महिन्यांनी देतो म्हणतील, तेही चालेल. कन्सल्टंटच्या लेखी होकाराची अट मात्र त्यांनी नाकारली तर त्याच महिन्यात नोटीस द्या. जाताना सगळ्या लिफाफ्यांची यादी करून शेठची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.